फोटोवरून १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह खोटा आहे का ते कळतं का?

*गड्ड्याच्या यात्रेत एका स्टॉलवर १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि ६४ जीबीचं मेमरी कार्ड स्वस्तात घेतलं. दोन्हींचे फोटो पाठवले तर खरे की खोटे ते सांगता येईल का?*

खोटे असतील तर कधीकधी सांगता येईल. खरे आहेत असं मात्र फोटो पाहून कुणीही सांगू नये, कारण छपाई चांगली करणारे आता सगळीकडे आहेत.

आधी कार्ड बघा. एसडीएचसी हा प्रकार ३२ जीबीपर्यंतच असतो, त्यापुढे एसडीएक्ससी लागतं. तेव्हा ६४ जीबी छापून शेजारी एसडीएचसीचं चिन्ह असेल तर लेबलच स्वतःला खोटं पाडतंय. उलट चिन्ह बरोबर असलं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पेन ड्राइव्हचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. सोलापुरातच माझ्याकडे एक लग्नाचे व्हिडिओ करणारा मुलगा असाच १२८ जीबीचा घेऊन आला होता. फाइलींची नावं, आकार सगळं दिसत होतं, पण पहिले काही व्हिडिओ सोडले तर एकही चालेना. चकचकीत धातूचं कव्हर नखानं उघडलं. आत दोन चिपा. छोटी कंट्रोलर, मोठी मेमरी. मोठीवर लेझरनं कोरलेलं होतं 29F64G08. यातलं 64G म्हणजे ६४ गिगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ६४ भागिले ८, फक्त ८ जीबी! पाटीच्या मागच्या बाजूलाही दुसरी चिप नव्हती.

कंट्रोलरवरच्या नंबरावरून क्षमता कळत नाही. तो गोदामाचा कारकून; गोदाम केवढं हे तो सांगेल तेच संगणक मानतो, आणि त्याचा फर्मवेअर बदलून त्याला १२८ म्हणायला शिकवलेलं असतं. ८ जीबीच्या पुढचं लिखाण हरवतं किंवा जुन्या डेटावर चढतं. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, म्हणून नावं शाबूत दिसतात.

तुम्ही फोटो काढाल तर फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड बाजूनं तिरका पडू द्या, म्हणजे कोरीव अक्षरं उठून दिसतात. चिपेवरचा मजकूर घासून काढलेला असेल, किंवा सगळं एकाच काळ्या तुकड्यात बंद असेल, तर फोटो संपला. पण कव्हर उघडलंत तर स्टॉलवाला परत घेणार नाही. त्यामुळे आधी चाचणी करा. विंडोजवर H2testw, लिनक्सवर हे (जागेचं नाव तुमच्या संगणकाप्रमाणे बदला):

```
f3write /media/usb
f3read /media/usb
```

आधी ड्राइव्हवरचा डेटा दुसरीकडे हलवून तो रिकामा करा. हे प्रोग्राम पूर्ण जागा भरतात आणि परत वाचून ताडून पाहतात, त्यामुळे संथ ड्राइव्हला तास-दोन तास सहज लागतात. त्या मुलाच्या ड्राइव्हवर सातेक जीबीनंतर सगळं लाल. आणि हो, विंडोज १२८ ऐवजी ११९ दाखवत असेल तर घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.