पुल रिक्वेस्टचे आकडे टीमसमोर कसे मांडावेत?

प्रश्न: पर्वरीत आमची छोटी टीम आहे, काही जण पुण्यात. दर महिन्याला पीआरचे आकडे मांडायचे आहेत, पण लोकांनी आकड्यांसाठी काम करू नये. काय दाखवू?

उत्तर: माणशी आकडे दाखवूच नका; पहिल्या रिव्ह्यूला लागलेला वेळ अख्ख्या टीमचा म्हणून दाखवा. कोणी किती पीआर केले हे लावलं, की एका कामाचे चार तुकडे पडतात आणि दुसऱ्याचा अवघड पीआर वाचायला कोणी वेळ देत नाही. ड्राफ्ट असेल तर वेळ `ready_for_review` पासून मोजा, नाहीतर लवकर ड्राफ्ट उघडणाऱ्यालाच फटका बसतो.

सरासरीऐवजी मध्यक घ्या. समजा पाच पीआरना 2, 3, 4, 6 आणि 60 तास लागले. सरासरी 15 तास येते, मध्यक 4. तो 60 तासांचा पीआर मात्र लपवू नका. तो का अडकला, यावरच बैठकीत बोला. 3 डिसेंबरला गोव्यात फेस्ताची सुट्टी आणि पुणं चालू, असे दिवस आधी वजा करा.

एक लक्षात ठेवा: हाही आकडा फुगवता येतो, न वाचताच अप्रूव्ह करून. वेळ घटतोय पण रिव्हर्ट वाढतायत, असं दिसलं तर तेच चाललंय. म्हणून रिव्हर्टची संख्या त्याच तक्त्यात शेजारी ठेवा.