दूध नासकं नव्हतं

प्रश्न: घरी दोन कप मसाला चहा करते. कधी पाणचट होतो, कधी कडवट. पाणी, दूध, पावडर, साखर यांचं प्रमाण काय ठेवायचं? आणि आलं-मसाला आधी घालायचा की दूध घातल्यावर?

आलं तर आधीच. यावरून आमच्या घरात अकरा वर्षं वाद चालू आहे आणि तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत, म्हणून लिहायला बसले.

आमच्या जाऊबाईंची पद्धत अशी की पाणी, दूध, साखर, पावडर, ठेचलेलं आलं, सगळं गार असतानाच पातेल्यात ओतायचं, गॅस मोठा करायचा आणि वर आलं की बंद. दोन-चार कपांचा चहा असा चांगला होतो. मी त्यांच्या हातचा रोज प्यायलेय, नावं ठेवणार नाही. पण वन्संच्या साखरपुड्याला चाळीस माणसं होती, आणि जाऊबाईंनी हिशोब केला तो सरळ गुणाकाराचा. दोन कपांना आल्याचा एक तुकडा, तर चाळीस कपांना वीस. पावडरही तशीच. अडीच लिटर पाणी, दोन लिटर दूध, मोठं पातेलं आणि घरातली साधी शेगडी. मी म्हटलं, दूध वेगळं तापवूया. "इतकी वर्षं चहा करतेय मी" असं उत्तर मिळालं. मी तेव्हा घरात नवीन होते, गप्प बसले.

अर्धा तास झाला तरी उकळी येईना. मग कडेला बारीक कण दिसायला लागले, आणि उकळी येईपर्यंत सगळं फाटलं. खाली चोथा, वर तांबूस पाणी. व्याही बाहेर बसलेले. ठपका कोणावर? दुधावर, म्हणजे ते आणणाऱ्या माझ्यावर. "नासकं दूध आणलंस, वास तरी घ्यायचास." त्याच कॅनमधलं अर्धा लिटर दूध उरलं होतं. मी ते सगळ्यांसमोर दुसऱ्या भांड्यात तापवलं. फाटलं नाही, छान साय धरली. पण त्या गडबडीत कोण बघतंय! शेवटी पाहुण्यांना सरबत दिलं.

कारण आल्यात आहे. ताज्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एक एन्झाइम असतं. कोमट ते चांगल्या गरम दुधात, साधारण साठ अंशांच्या आसपास, ते सगळ्यात जोरात काम करतं आणि उकळीला मरतं. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात तर हे मुद्दाम करतात. आल्याच्या रसावर गरम दूध ओतायचं, न हलवता ठेवायचं, की खरवसासारखं थिजतं. आता दोन कपांचं पातेलं मोठ्या गॅसवर त्या टप्प्यातून मिनिटभरात पार होतं, आल्याला वेळच मिळत नाही. साडेचार लिटर मात्र तिथे दहा-दहा मिनिटं रेंगाळतं. म्हणून जाऊबाईंचा रोजचा चहा कधी फाटला नाही आणि साखरपुड्याचा फाटला. आलं आधी पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळलं की हा प्रश्नच उरत नाही.

आता तुमचे दोन कप. सव्वा कप पाणी आणि एक कप दूध घ्या, उकळताना तो वरचा पाव कप उडून जातो. पाण्यात अर्धा इंच आलं ठेचून घाला, किसून नको, किसलं की नुसता तिखटपणा उतरतो. आधण आलं की आणखी दोन मिनिटं उकळा, मग साखर तीन लहान चमचे आणि पावडर दोन लहान चमचे, सपाट. दीड-दोन मिनिटांत पाण्याला गडद तांबडा रंग येतो. तेव्हा दूध ओता, शक्यतो तापवलेलं. गार दूध ओतलं तर उकळी मोडते, ती परत येईपर्यंत पावडर नुसती शिजत राहते. दोन-तीनदा वर येऊ द्या, दर वेळी गॅस कमी करा. वेलदोडा अगदी शेवटी, ठेचून, आणि मिनिटभर झाकण. आधी घातलात तर त्याचा वास स्वयंपाकघरभर दरवळतो, कपात मात्र काही राहत नाही.

पाणचट आणि कडवट या दोन तक्रारी तुम्हाला आलटून पालटून येताहेत, म्हणजे तुम्ही उकळायची वेळ रंगावरून ठरवत असणार. जाऊबाईही तेच करतात. "रंग आला नाही अजून, उकळ." दूध घातल्यावरचा रंग फसवा असतो. दूध जास्त पडलं असेल तर चहा कितीही उकळा, फिकाच दिसणार, आणि तुम्ही तो कडू होईपर्यंत उकळत बसणार. रंग बघायचा तो दूध घालण्याआधी. कडक चहा हवा असेल तर पावडर अर्धा चमचा वाढवा, वेळ वाढवू नका.

आणि एक घोट घेऊन बघा. जीभ ओढल्यासारखी, कोरडी झाली तर तो तुरटपणा आहे. त्याला दूध हाच उपाय, कारण दुधातलं प्रथिन पावडरीतल्या तुरट द्रव्याला धरून ठेवतं. घोट गेल्यावर मागे कडू चव राहिली तर मात्र दूध फारसं काही करू शकत नाही. तिथे पावडर जास्त उकळलीय, नाहीतर लवंग जास्त पडलीय. दोन कपांना एक लवंग पुष्कळ. लवंगेचा कडवटपणा लोक पावडरीच्या नावावर खपवतात आणि ब्रँड बदलत बसतात. अशा वेळी साखर वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, गोड आणि कडू दोन्ही लागतं.

हे प्रमाण म्हशीच्या दुधाचं आहे, सांगायचं राहिलंच. पिशवीतलं पातळ दूध असेल तर दूध-पाणी निम्मं निम्मं करा. पावडर दाणेदार नसून अगदी भुकटी असेल तर दीड चमचा बास, ती लवकर उतरते. गवती चहा घालत असाल तर तो आल्याबरोबरच पाण्यात. साखरेऐवजी गूळ असेल तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर पुन्हा दूध फाटेल आणि ते बिचाऱ्या गवळ्यावर जाईल.

मोठ्या पातेल्याला सरळ गुणाकार करू नका. त्यात पाणी त्या मानाने कमी उडतं, म्हणून वरचं पाणी कमी घ्यायचं, आणि उतरवून गाळेपर्यंत पावडर आतच मुरत असते. चाळीस कपांना मी तीसच चमचे घालते, तेही आधण आल्यावर.

गेल्या वर्षी वन्संच्या मुलाच्या मुंजीत चहा माझ्याकडे होता. दूध वेगळ्या भांड्यात तापवलं, आलं पाण्यात. साठ कप. जाऊबाईंनी उभ्याउभ्याच पहिला कप घेतला, संपवला, आणि म्हणाल्या, "आज दूध बरं मिळालंय."