सांगाडा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआयमध्ये एका फोटोतून पोझ घ्यायची, दुसऱ्या फोटोतून चेहरा घ्यायचा आणि दोन्ही मिळून एक चित्र करायचं, या विषयावर इतके प्रश्न येत आहेत की एकेकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही. बहुतेकांची अडचण एकच आहे: पोझ जमते, चेहरा मात्र ‘जवळपास’ येऊन थांबतो. म्हणून त्यातले काही प्रश्न इथे घेते आहे.

काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत काड्या असलेला तयार पोझ मॅप मिळाला. तो मॉडेलला पोझ पाळायला लावणाऱ्या कंट्रोलनेटला दिला, तरी माणूस भलत्याच पोझमध्ये येतो. मॉडेल खराब आहे का?

मॉडेल ठीक आहे. प्रीप्रोसेसर, म्हणजे फोटोतून असा सांगाडा काढणारी पायरी, `none` करा. तयार सांगाड्यावर पुन्हा `openpose` चालवलं की त्याला त्यात माणूस सापडत नाही आणि पुढे कोरी काळी चौकट जाते.

संदर्भफोटोतला चेहरा चित्रात आणणारं अडॅप्टर जोडलं की `mat1 and mat2 shapes cannot be multiplied` असं येऊन सगळं थांबतं. कॉम्प्युटर कमी पडतो आहे का?

नाही. एसडी १.५ आणि एसडीएक्सएल या स्टेबल डिफ्यूजनच्या दोन आवृत्त्यांच्या फाइली एकत्र झाल्या आहेत. मुख्य मॉडेल, कंट्रोलनेट आणि अडॅप्टर, तिन्ही एकाच घराण्यातले घ्या.

पोझ एका पैलवानाच्या फोटोतून घेतली आणि चेहरा माझ्या बहिणीचा, तिला विचारूनच. चित्रातली मुलगी थोडी बहिणीसारखी दिसते, पण जबडा रुंद आणि हनुवटी चौकोनी येते. प्रीप्रोसेसर `openpose_full` आहे. एका व्हिडिओत ऐकून फेसआयडी या चेहऱ्याच्या अडॅप्टरचं वजन १.५ केलं, तर चेहरा करपल्यासारखा झाला. दोन आठवडे आकडे बदलतोय. आता काय करू?

आकडे बदलणं आधी थांबवा आणि तुमचा पोझ मॅप मोठा करून पाहा. डोक्याच्या जागी पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका दिसेल. भुवया, डोळे, नाक, ओठ आणि एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत गेलेली ठिपक्यांची कमान. ओपनपोज चेहऱ्यावर ७० बिंदू शोधतं, त्यातले पहिले १७ फक्त जबड्याच्या कडेचे असतात. ती कमान पैलवानाची आहे. म्हणजे कंट्रोलनेटला तुम्ही सांगता आहात की जबडा इथून इथपर्यंत काढ, आणि त्याच वेळी अडॅप्टरला सांगता आहात की चेहरा बहिणीचा काढ. दोघं आपापलं काम चोख करतात. डोळ्यांची ठेवण आणि नाकाची ढब बहिणीची येते, बाहेरची कड पैलवानाची येते, आणि तयार झालेली मुलगी दोघांपैकी कोणाचीच राहत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. पोझ मॅप म्हणजे नुसत्या काड्या, त्यात माणूस उरलेला नसतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. `openpose_full` च्या मॅपमध्ये मूळ माणसाच्या चेहऱ्याची मापं ठिपक्यांच्या रूपात तशीच बसलेली असतात. `dw_openpose_full` वापरलं तर हे ठिपके अधिक अचूक येतात, म्हणजे तुमच्या कामासाठी घोटाळा वाढतोच. वजन वाढवा असा सल्ला देणारे मॅपकडे बघतच नाहीत. १.५ वजनावर अडॅप्टर प्रॉम्प्टचे संकेत दाबून टाकतं. रंग भडक होतात, कातडी मेणासारखी किंवा करपलेली दिसते, पण जबडा तिथेच राहतो, कारण जबड्याची जागा अडॅप्टरच्या हातात नाहीच.

तुमच्या चित्रासाठी क्रम असा ठेवा. प्रीप्रोसेसर साधा `openpose` करा, किंवा बोटांची ठेवण महत्त्वाची असेल तर `openpose_hand`. आता चेहऱ्यावर पाचच बिंदू उरतील: नाक, दोन डोळे, दोन कान. डोकं कुठे आहे आणि कुठल्या दिशेला वळलं आहे, एवढं कळायला ते पुरेसे आहेत. कंट्रोलनेटचं वजन १ ठेवा, पण त्याचा शेवट ०.७ च्या आसपास, म्हणजे साधारण सत्तर टक्के पायऱ्यांवर आणा. शरीराची मांडणी सुरुवातीच्या पायऱ्यांतच ठरून जाते, शेवटच्या पायऱ्या चेहऱ्याच्या बारकाव्यांना मोकळ्या मिळाल्या पाहिजेत. फेसआयडीचं वजन ०.७ ते ०.८ वर आणा. सीड, म्हणजे चित्राच्या सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, तोच ठेवून आधीचं आणि आताचं चित्र शेजारी ठेवा. हनुवटी निमुळती झाली, तर दोष ठिपक्यांचाच होता हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

तरीही एक गोष्ट उरेल: खांदे. सांगाड्यात खांद्यांचे दोन बिंदू पैलवानाइतकेच लांब आहेत आणि ओपनपोज ते आपणहून जवळ आणत नाही. नाजूक चेहरा रुंद खांद्यांवर आला की बघणाऱ्याला ‘चेहरा चुकला’ असंच वाटतं, दोष मात्र धडाचा असतो. पोझ एडिटरमध्ये दोन्ही खांद्यांचे बिंदू मानेकडे थोडे सरकवा आणि कोपर-मनगटांचे बिंदू त्याच अंतरानं सोबत न्या, नाहीतर दंड ताणल्यासारखे दिसतील. कानांचे बिंदूही डोक्याची रुंदी सुचवतात, तेही किंचित आत घ्या.

मूळ फोटोतलं हसू किंवा उघडं तोंडही हवं असेल, तर `full` कडे परत जाऊ नका. दुसऱ्या कंट्रोलनेटमध्ये `openpose_faceonly` घ्या, वजन ०.३ च्या आसपास आणि शेवट ०.४ वर ठेवा. भाव थोडासा येईल, जबडा फारसा येणार नाही. पूर्ण वेगळं करणं मात्र शक्य नाही, कारण भाव आणि बांधा एकाच ठिपक्यांत मिसळलेले आहेत. आणि दोन आठवडे एकट्यानं झुंजण्यापेक्षा पहिल्याच दिवशी तो मॅप एखाद्या जाणकाराला दाखवायला हवा होता. चित्र दाखवून कोणी काही सांगू शकत नाही, मॅप दाखवला की मिनिटात कळतं.

पूर्ण उभ्या आकृतीत चेहरा ओळखू येत नाही, तोच फोटो आणि तेच आकडे जवळच्या चित्रात छान चालतात. असं का?

कारण तिथे चेहऱ्याला जागाच नाही. ५१२ बाय ७६८ च्या चित्रात माणूस डोक्यापासून पायापर्यंत ७०० पिक्सेल उंच धरा. डोकं उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या भागाएवढं, म्हणजे ९० च्या आसपास, आणि भुवईपासून हनुवटीपर्यंतचा भाग त्याहून कमी, ६० पिक्सेल म्हणू. हे मॉडेल आत आठ पट लहान जाळीवर काम करतं, तेव्हा तुमच्या बहिणीचा किंवा भावाचा अख्खा चेहरा सात-आठ चौकटींच्या उंचीत बसवायचा आहे. त्यात डोळ्याच्या कोपऱ्याचा कल कुठून येणार?

इथे वजन वाढवून काहीही मिळत नाही. चेहऱ्यासाठी दुसरी फेरी करा. चित्र इनपेंटमध्ये, म्हणजे निवडलेला तुकडाच पुन्हा रंगवण्याच्या सोयीत घ्या, चेहऱ्यावर मास्क काढा, `Only masked` निवडा आणि आकार ५१२ बाय ५१२ ठेवा, म्हणजे तेवढाच तुकडा मोठा करून रंगवला जातो आणि परत जागेवर बसतो. आधीचं चित्र किती बदलायचं हे ठरवणारं डीनॉइझिंग ०.४ ते ०.५ ठेवा, चेहऱ्याचा तोच संदर्भफोटो पुन्हा द्या. या फेरीत पोझचं कंट्रोलनेट बंद ठेवा, मान आणि दिशा पहिल्या चित्रातूनच टिकते. डीनॉइझिंग फार वाढवलं तर चेहरा मानेवर चिकटवल्यासारखा दिसतो, कातडीचा रंग गळ्यापाशी तुटतो. खूण तीच, तिकडेच पाहा. काम कोणाला द्यायचं असेल, तर देण्याआधी ज्याचा चेहरा आहे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना दाखवा. आपल्याला पटलेलं साम्य त्यांना पटेलच असं नाही.

फेसआयडीनं चेहरा येतो, केस येत नाहीत.

येणारही नाहीत. ते चेहऱ्याची ओळख काढतं, केशरचना नाही. केस प्रॉम्प्टमध्ये लिहा.

संदर्भफोटो चेहऱ्याभोवती घट्ट कापून द्यायचा की पूर्ण द्यायचा? एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं.

दोघंही अर्धंच सांगतात, कारण ते वेगवेगळ्या अडॅप्टरबद्दल बोलत आहेत. फेसआयडी आणि इन्स्टंटआयडी यांच्या आत आधी चेहरा शोधणारं इनसाइटफेस चालतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत फ्रेम भरून गेली असेल, तर त्याला चेहरा सापडतच नाही. अशा फोटोभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा जोडा, तोच फोटो लगेच चालतो.

आयपी-अडॅप्टरचं `plus-face` मात्र चित्र जसं आहे तसं क्लिप एन्कोडर या चित्र वाचणाऱ्या मॉडेलला देतं, आणि तिथे साधारणपणे फोटोचा मधला चौकोनी भाग २२४ पिक्सेलचा करून वापरला जातो. उभा पूर्णाकृती फोटो दिला तर मधल्या चौकोनात शर्टाची बटणं येतात, चेहरा वरच कापला जातो. मग चित्रात शर्टाचा रंग हुबेहूब उतरतो आणि चेहरा कोणाचाच नसतो. म्हणून त्याला चेहरा आणि थोडे केस असा चौकोनी तुकडा स्वतः कापून द्या. तुम्ही कुठलं वापरता हे लिहिलेलं नाही, तेव्हा सल्ला देणाऱ्यालाही आधी ते सांगा.

‘चेहरा शंभर टक्के जुळेल’ म्हणून एक वर्कफ्लो विकत घेतला. त्यातून जाहिरातीची चित्रं करून द्यायची आहेत. चालेल ना? घाई आहे.

घाई असली तरी थांबा. विक्रेत्याचे नमुने पुन्हा पाहा. चेहरा समोर बघणारा, फ्रेमभर मोठा आणि सांगाडा छातीपर्यंतच असेल, तर सोपं तेवढंच दाखवलं आहे. तीन-चतुर्थांश वळलेल्या पोझला समोरून काढलेला संदर्भफोटो दिला, की नाकाची बाजू आणि कानाजवळचा भाग मॉडेल अंदाजानं भरतं. पोझशी जुळणाऱ्या कोनातला फोटो मिळवणं हाच खरा उपाय आहे आणि तो विकत मिळत नाही.

व्यावसायिक वापराचं म्हणाल, तर इनसाइटफेसची तयार मॉडेलं केवळ अव्यावसायिक संशोधनासाठी खुली आहेत आणि फेसआयडीची त्यांवरच उभी आहेत. वर्कफ्लोचे पैसे दिले म्हणून तो हक्क तुम्हाला मिळत नाही. शिवाय ज्याचा चेहरा आहे त्याची लेखी परवानगी हवी, आणि तिच्यात ‘जाहिरातीसाठी’ असं स्पष्ट हवं. पोझचा फोटो कोणी काढला आहे, हेही विचारायला हवं. चित्र छापून झाल्यावर परवानगी मागणारे मला दर वेळी भेटतात, तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही. काम घेण्याआधी वकिलाला परवान्याचा मजकूर दाखवा.

पाठमोरा माणूस हवा आहे, पण डोक्याच्या मागे चेहरा उगवतो.

मॅपमध्ये नाक-डोळ्यांचे बिंदू राहिले असतील तर ते पुसा, आणि चेहऱ्याचं अडॅप्टर बंद करा. जो चेहरा दिसणारच नाही त्याचा फोटो द्यायचा कशाला?