हिरव्या मिरचीचे देठ सडू नयेत म्हणून

«मंडईतून पाव किलो मिरची आणते आणि पिशवीसकट फ्रीजमध्ये टाकते. पाच दिवसांत देठ काळे बुळबुळीत आणि मिरच्या मऊ. देठ काढून ठेवायचे की तसेच?»

देठाचं सांगते, पण आधी पाण्याचं बघ, कारण खरा घोळ तिथेच आहे. मिरची टवटवीत दिसावी म्हणून भाजीवाले दिवसभर तिच्यावर पाणी मारतात. साल गुळगुळीत असते म्हणून तिच्यावरचं पाणी ओघळून जातं, पण देठाखाली जी हिरवी टोपी असते ना, तिच्या आत शिरलेलं पाणी तिथेच बसून राहतं. वर आपण पिशवीला गाठ मारतो, मग मिरचीतून निघणारी वाफही आतच, आणि बुरशी धरते ती बरोबर त्या टोपीपाशी.

त्यामुळे घेतानाच ढिगाच्या वरच्या ओल्या मिरच्या सोडून खालच्या कोरड्या मागायच्या, भाजीवाली कुरकुर करेल तर करू दे. एखादी उचलून देठ वाकवून बघ, ताजा असेल तर कट्कन मोडतो, शिळा नुसता वाकतो. मग मूठभर मिरच्या हातात घेऊन हलकेच चोळ, कडक असतील तर करकर आवाज येतो, मऊ पडलेल्या गप्प राहतात. टोपीच्या कडेला काळपट रेघ दिसली की ती नको, बारीक भोक असेल तर आत अळी असू शकते म्हणून तीही नको. लाल व्हायला लागलेल्या एकदोन आल्या तर चालतील, पण त्या आधी वापर, पिकलेली मिरची लवकर मऊ पडते.

घरी आणल्यावर धुवायच्या नाहीत, हे महत्त्वाचं. वापरायच्या वेळी धू. समजा पावसाळ्यात रविवारी पाव किलो आणलीस आणि ओलीच मिळाली, तर वर्तमानपत्रावर एकेरी पसरून पंख्याखाली दोनेक तास ठेव, मधे एकदा उलटसुलट कर. उन्हात ठेवू नकोस, सुरकुततील. तेवढ्यात निवडून घे, तुटलेल्या, चिरलेल्या, मऊ, डाग असलेल्या बाजूला काढ आणि त्यांचा त्याच दिवशी ठेचा कर. एक सडकी मिरची डब्यात राहिली तर शेजारच्यांना घेऊन बुडते.

आता देठ. आठवड्यात संपणार असतील तर राहू देत, काही बिघडत नाही, उलट देठ काढला की तिथे जखम होते आणि ओलावा तिथूनही जातो. पण जास्त दिवस ठेवायच्या असतील तर काढलेले बरे, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. फक्त ओढून तोडू नकोस, टोपी चिमटीत धरून हळूच फिरव, मिरचीचं तोंड न फाटता टोपी निघाली पाहिजे. फाटली तर ती ठेच्याच्या ढिगात टाक. आणि काढल्यावर लगेच डब्यात नाही भरायच्या, ती जागा हाताला कोरडी लागेपर्यंत पुन्हा पंख्याखाली. (डोळ्याला हात लावू नकोस, सगळ्यांना एकदा तरी लागतोच.)

डबा घट्ट झाकणाचा घे, तळाशी किचन टॉवेल किंवा जुन्या सुती साडीचा कोरडा तुकडा, त्यावर मिरच्या, वर परत एक तुकडा. दाबून भरायच्या नाहीत. तीनचार दिवसांनी उघडून बघ, टॉवेल दमट लागला की बदल, आणि एखादी मऊ पडली असेल तर तेव्हाच काढ. एवढं केलं की कडक मिरच्या दोन-तीन आठवडे सहज जातात. रोज हव्या तेवढ्या काढून डबा लगेच परत ठेव, बाहेर राहिला की गार मिरच्यांना घाम सुटतो आणि केलेली सगळी मेहनत वाया.

फ्रीजमध्ये जागाही बघ. मिरचीला फार गारवा सोसत नाही, 7 ते 10 डिग्री तिला बरं वाटतं आणि आपला फ्रीज आत बहुतेक 4-5 वर असतो. म्हणून खालचा भाजीचा कप्पा किंवा दरवाजा, मागच्या भिंतीला चिकटवून मात्र नाही. सालीवर बारीक खळगे दिसले आणि फोडल्यावर बिया तपकिरी निघाल्या तर ती गारठलेली आहे. सडकी नसते, फोडणीला चालते, पण बाहेर काढली की लवकर मऊ पडते म्हणून आधी ती संपव.

यापेक्षा जास्त दिवसांसाठी हव्यात तर देठ काढून, धुऊन, पूर्ण कोरड्या करून सरळ फ्रीझरमध्ये. कडकपणा राहत नाही, त्यामुळे भजी किंवा भरल्या मिरचीला उपयोग नाही, पण वाटणात आणि फोडणीत फरक कळत नाही. गोठलेली असतानाच चिरायची, सुटली की पिचकते.