नीलम थांबेल, हप्ता थांबणार नाही

"यांची कुंभ रास, सिंह लग्न, साडेसाती चालू आहे. मार्चमध्ये नोकरी गेली. गुरुजींनी सव्वापाच रत्तीचा नीलम, शनीचा 23,000 जप आणि अकरा शनिवार दान सांगितलंय. जपाचे 21,000 दिले, त्यात एप्रिलचा टर्म इन्शुरन्सचा हप्ता राहिला; नोकरी लागली की भरू. नीलम 1,60,000 चा आहे, सर्टिफिकेटसह. 4 लाखांची एफडी मोडू की 16 टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेऊ? 2021 मध्ये घेतलेल्या घराचं 28 लाख कर्ज बाकी आहे, माझा पगार 38,000. यांना जूनपासून बीपीची गोळी सुरू झालीय."

ताई, दोन्ही नको. पण नीलमाचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य 'हप्ता राहिला' हे आहे.

वार्षिक हप्त्याला साधारण 30 दिवसांची सवलत असते. ती मे महिन्यातच संपली, म्हणजे आज तुमच्या घरात विमा नाही आणि डोक्यावर 28 लाख आहेत. उद्या काही बरंवाईट झालं तर ते 38,000 पगारातून तुम्ही एकटीने फेडायचे. पॉलिसी पुन्हा चालू करता येते. टर्म पॉलिसीला त्यासाठी पाच वर्षांची मुदत असते. पण थकलेला हप्ता व्याजासह भरावा लागतो, तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं आणि कंपनी वैद्यकीय तपासणीही मागू शकते. एप्रिलमध्ये भरला असता तर बीपीचा प्रश्नच आला नसता. आता गोळी लिहावीच लागेल. ती लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच नडतं. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. जितका उशीर कराल, तितकं निवेदन लांबत जाईल.

आता नीलम. लोन घेतलंत तर महिन्याला साधारण 5,600 हप्ता, तीन वर्षांत दोन लाखांवर रक्कम. सव्वापाच रत्ती म्हणजे बाजारातल्या रत्तीने जेमतेम पावणेपाच कॅरेट, कॅरेटला 33,000 च्या वर. सर्टिफिकेट हा खडा काय आहे ते सांगतं, त्याची किंमत सांगत नाही. त्यावर 'नैसर्गिक' लिहिलेला नीलमही तापवून रंग खुलवलेला असू शकतो, म्हणून उपचारांची ओळ वाचा. आणि विकणाऱ्याला एकच विचारा: उद्या परत आणला तर किती देणार, बिलावर लिहून द्याल का? एवढ्यावर बोलणं दुसरीकडे वळलं तर समजून जा.

शास्त्राच्या चौकटीत बसूनही हा सल्ला ढिला आहे. रत्न ग्रहाचं बळ वाढवतं म्हणतात, जप-दान त्याची शांती करतं म्हणतात. एकाच शनीला एकाच वेळी जोर द्यायचा आणि शांतही करायचं? शिवाय सिंह लग्नाला शनी सहाव्या-सातव्या स्थानाचा स्वामी. त्या लग्नाला नीलम नको म्हणणारे ज्योतिषी भरपूर आहेत. दुसऱ्या दोघांना पत्रिका दाखवा, आधीच्यांचा सल्ला न सांगता. तिघांची तीन रत्नं निघाली तर कोणतं घेणार?

साडेसातीचंही बघा. शनीला बारा राशी फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि ती एका वेळी तीन राशींना असते, म्हणजे चारातल्या एका माणसाला. त्या सगळ्यांच्या नोकऱ्या मार्चमध्ये गेल्या नाहीत. कुंभेची 2020 च्या जानेवारीत सुरू झाली, म्हणजे तुमचं घर साडेसातीतच झालं. आणि 2027-28 मध्ये ती आपोआप संपेल. तोवर नोकरी लागली की श्रेय नीलमाला, नाही लागली तर 'खड्यात दोष होता'. म्हणून पैसे देण्याआधीच विचारायचं: काय बदलेल, कधीपर्यंत, आणि नाही बदललं तर उपाय चुकला असं मानायचं का? जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या, तेव्हा 27 जणांचं मिळून यश 46 टक्के आलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच. निदानच असं, मग औषधाला दीड लाख कशाला?

जपाचा हिशेब सोपा आहे. 'ॐ शं शनैश्चराय नमः' म्हणायला चार सेकंद, माळेला सात मिनिटं. 23,000 म्हणजे 213 माळा. रोज चार माळा, अर्धा तास, दोन महिन्यांच्या आत पूर्ण, शून्य रुपयांत. मन शांत होत असेल तर यांनी स्वतःच करावा. गेलेले 21,000 विसरा. दानही गुरुजींमार्फत कशाला? तीळ, उडीद, तेल शनिवारी गरजूच्या हातात द्या, महिन्याला शे-दोनशेच्या आत.

एफडीला हात लावायचाच असेल तर विम्याच्या हप्त्यापुरता. बाकीच्या पैशांवर नवी नोकरी लागेपर्यंत घर चालवायचंय. विमा कंपनीला फोन करून पॉलिसी चालू करण्याचा अर्ज मागवा, आणि यांच्या बीपीच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावून ठेवा.