चेहरा नसलेले बाबा

"मॅडम, बाबांना जाऊन आठ महिने झाले. स्वप्नात येतात, पण चेहरा दिसत नाही, नुसतं धुरकट काहीतरी. कधी चेहरा भलत्याच कुणाचा असतो, मध्येच बदलतो, तरी मला माहीत असतं की ते बाबाच आहेत. मी त्यांचा चेहरा विसरत चाललेय का? की त्यांचा जीव कशात अडकलाय म्हणून तोंड दाखवत नाहीत? आत्या म्हणते, त्र्यंबकला जाऊन नारायण नागबली करून घ्या."

पहिल्या भेटीच्या फॉर्मवर 'काय त्रास होतो' या रकान्यात एवढं सगळं बारीक अक्षरात कोंबलेलं होतं. बाई नाशिकरोडच्या, वय ४२. वडील प्रेसमध्ये नोकरीला होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटांचा कारखाना, वेगळं सांगावं लागत नाही. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस ओट्यावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरण्यात जायचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अडकित्ता मात्र खरा आहे, आणि त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.)

मी आधी झोपेचं विचारलं. झोप साडेसहा तास, औषध नवीन कुठलं नाही, स्वप्नातून ओरडत किंवा हातपाय झाडत उठणं नाही. जागेपणी घरातलं माणूस अनोळखी किंवा तोतया वाटतं का, हेही विचारलं. त्या दचकल्या. "नाही हो, असं कसं वाटेल?" हा प्रश्न मी का विचारते ते पुढे येईल.

मग म्हटलं, डोळे मिटा आणि बाबांचा चेहरा सांगा. त्यांनी डाव्या भुवईतली खोक सांगितली, कानातले पांढरे केस सांगितले, चष्म्याची दांडी एका बाजूला दोऱ्याने बांधलेली असायची तेही सांगितलं. दोनेक मिनिटं सांगत होत्या आणि रडत होत्या. विसरलेलं माणूस असं सांगत नाही. अर्थात डोळे मिटल्यावर चित्र लख्ख दिसलंच पाहिजे असंही नाही. कित्येकांना जिवंत, समोर राहणाऱ्या माणसाचा चेहराही मनात नीट उभा करता येत नाही, पण फोटोत तोच चेहरा क्षणात ओळखतात. चेहरा ओळखता येणं आणि तो मनात उभा करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जमली नाही म्हणून दुसरी गेली असं होत नाही.

पण एवढ्याने त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि होणारही नव्हतं. म्हणून एक वही करायला सांगितली. जाग आली की कूस न बदलता, मोबाइलला हात लावण्याआधी, स्वप्नातली माणसं आठवायची आणि लिहायची. पहिल्या रकान्यात माणूस कोण. दुसऱ्यात ते तेच आहे हे कशावरून कळलं: चेहरा, आवाज, चाल, कपडे, की नुसतं माहीत होतं. तिसऱ्यात, हे स्वप्नातच कळलं की उठल्यावर वाटलं. अट एकच घातली, फक्त बाबांबद्दल लिहायचं नाही, स्वप्नात आलेल्या प्रत्येकाबद्दल लिहायचं.

तीन आठवड्यांत नऊ स्वप्नं जमली, त्यांत तेवीस माणसं. आम्ही दोघींनी मिळून मोजलं तर चेहरा स्पष्ट दिसल्याची नोंद फक्त सहांपुढे होती. बाकीच्यांपुढे 'आवाज', 'पाठमोरे', 'साडीवरून', आणि सगळ्यात जास्त वेळा 'नुसतं माहीत होतं'. त्या पान उलटत होत्या, एकदम थांबल्या. चेहरा नसलेल्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा होता. त्याच दिवशी सकाळी त्याला डबा भरून दिलेला, रात्री स्वप्नात त्याला चेहरा नाही. नवराही दोनदा बिनचेहऱ्याचा. आजवर हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मुलाचा चेहरा दिसतो की नाही हे शोधायची त्यांना गरजच पडली नव्हती. चेहरा शोधला जात होता तो फक्त बाबांचा.

इथे थोडं मेंदूबद्दल बोलायला हवं. जागेपणी आपल्याला वाटतं की चेहरा दिसला म्हणजे माणूस ओळखलं, सगळं एकच काम. तसं नाही. १९८६ साली ब्रूस आणि यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ओळखीचे टप्पे मांडले: चेहऱ्याची ठेवण ओळखणारा भाग वेगळा, आणि 'हे माणूस कोण' याची गाठ जिथे बसते ती जागा वेगळी. त्या गाठीपर्यंत चेहऱ्यावरून जाता येतं, तसंच आवाजावरून, चालीवरूनही जाता येतं. गंगापूर रोडवर पुढे चाललेला माणूस पाठमोरा असतानाच आपण 'अरे, हे तर काका' म्हणतो, ते याच जोरावर.

जागेपणी प्रवास बहुतेक वेळा बाहेरून आत होतो: डोळ्यांना चेहरा दिसतो, मग ओळख पटते. स्वप्नात डोळे मिटलेले असतात, बाहेरून काही येत नाही. त्यामुळे ओळखीची गाठ आधी जागी होऊ शकते. 'बाबा' हे, त्यांच्याबद्दलच्या सगळ्या मायेसकट किंवा धाकासकट, आधी हजर होतं. त्यावर चेहरा चढेल किंवा चढणार नाही. २००० साली हार्वर्डच्या संशोधकांनी ३३ जणांकडून ३२० स्वप्नं लिहून घेतली आणि त्यातली माणसं कशावरून ओळखली ते विचारलं. ओळखीच्या माणसांपैकी निम्म्याच्या आतबाहेर चेहऱ्यावरून ओळखली गेली होती, आणि 'नुसतं माहीत होतं' या उत्तराचं प्रमाणही जवळपास तेवढंच निघालं. ही माणसं आजारी नव्हती, तुमच्याआमच्यासारखीच होती.

याचा अर्थ झोपेत चेहऱ्याचं यंत्र बंद पडतं असा नाही. मेंदूच्या खालच्या-मागच्या अंगाला, विशेषतः उजवीकडे, चेहऱ्यांना प्रतिसाद देणारा एक भाग आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपलेल्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना मधेच उठवलं आणि काय दिसत होतं ते विचारलं. ज्यांनी चेहरा दिसत होता असं सांगितलं, त्यांच्या मेंदूत उठवण्याच्या आधीच्या क्षणांत त्याच भागाची हालचाल वाढलेली होती. म्हणजे कधी चेहरा खरोखरच दिसतो, कधी नसतोच. आणि कधी असतोही, पण उठेपर्यंत पुसला जातो. स्वप्नाची खबर आपल्याला नेहमी उठल्यावरच मिळते, म्हणून शेवटच्या दोन शक्यता कधीकधी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. वहीतला तिसरा रकाना त्यासाठी ठेवला होता, आणि त्यालाही मर्यादा आहेच.

बदलत्या चेहऱ्याचं स्वप्न पाचवं. बाबा रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसलेत. चेहरा आधी शाळेतल्या गणिताच्या सरांचा, मग धाकट्या काकांचा, मग पुन्हा धूसर. आणि या सगळ्यात त्यांना एकदाही शंका आली नाही की हे बाबा नाहीत. मी विचारलं, आदल्या दिवशी यातलं कोण भेटलं होतं? काका घरी जेवून गेले होते. सर कुठून आले ते सापडलं नाही, आणि ओढूनताणून शोधायलाही नको. (लोक मला दरवेळी विचारतात, 'सरांचा अर्थ काय?' बऱ्याचदा काही नसतो.) अस्थी मात्र रामकुंडातच सोडल्या होत्या.

त्यांना भीती वाटत होती ती बदलणाऱ्या चेहऱ्याची. मला सांगण्यासारखं वाटलं ते वेगळंच: चेहरा दोनदा बदलला, माणूस एकदाही नाही. जागेपणी बाबांच्या खुर्चीत सरांच्या तोंडाचा माणूस दिसला तर आपण किंचाळू. कारण तेव्हा कपाळामागचा भाग पहारा देत असतो, दोन गोष्टी जुळत नाहीत हे लगेच पकडतो. ज्या झोपेत स्वप्नं सगळ्यात दाट पडतात, पापण्यांआड बुबुळं झरझर हलत असतात, त्या झोपेत हा पहारा सैल पडतो. मेंदूच्या छायाचित्रणात १९९६-९७ पासून हे दिसलं आहे, आणि भावनांचा भाग त्याच वेळी चांगलाच जागा असतो. म्हणून 'हे बाबाच' ही जाणीव घट्ट राहते आणि 'मग तोंड सरांचं कसं?' हा प्रश्न पडतच नाही. तो पडतो सकाळी, ब्रश करताना.

आता पहिल्या दिवशी विचारलेल्या त्या प्रश्नाकडे येते. जागेपणी अशीच फारकत झाली तर तो आजार असतो. चेहरा नवऱ्याचाच आहे पण हा नवरा नव्हे, कुणी तोतया आहे, असं वाटणाऱ्या एका बाईंची नोंद फ्रान्समध्ये काप्ग्रा या डॉक्टरांनी १९२३ मध्ये केली. उलट प्रकारची नोंद १९२७ ची: रस्त्यातली वेगवेगळी माणसं म्हणजे वेष पालटलेलं एकच ओळखीचं माणूस, असं वाटणं. झटपट वेषांतर करणाऱ्या फ्रेगोली या इटालियन नटाचं नाव त्याला मिळालं. रामकुंडाच्या पायऱ्यांवरचं स्वप्न ऐकायला अगदी तसंच लागतं. फरक एवढाच की ते जाग येताच संपलं. जागेपणी असं वाटू लागलं, किंवा समोरच्याचा चेहरा खरोखर वितळल्यासारखा दिसू लागला, तर माझ्याकडे नव्हे, थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं. आणि एकच भीतिदायक स्वप्न पुनःपुन्हा पडून झोपायचीच धास्ती वाटत असेल, तर तो प्रश्न वेगळा, त्याचे उपचारही वेगळे.

'स्वप्नात दिसणारा प्रत्येक चेहरा कधीतरी पाहिलेलाच असतो' हा मेसेज त्यांनी मला दाखवला. फिरतो तो खूप, पण हे तपासणार कसं? आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या चेहऱ्यांची यादी कुणाकडे आहे?

आत्यांचं काय, हे त्यांनी शेवटी विचारलं. मी म्हटलं, विधी करायचा की नाही हे तुमच्या घराने ठरवायचं, त्यात मी पडणार नाही. त्र्यंबकला तीन दिवस राहून सगळी भावंडं एकत्र येणार असतील तर अवश्य जा. पण बाबा तोंड दाखवत नाहीत म्हणून जात असाल, तर आधी ही वही आत्यांना दाखवा. त्यात तुमचा मुलगाही तोंड दाखवत नाहीये. त्या हसल्या. आठ महिन्यांतलं पहिलं असावं असं ते हसू नव्हतं, साधंच होतं.

चौथ्या भेटीला वही घेऊन आल्या. नोंदी कमी झाल्या होत्या, मधली चार पानं कोरी. शेवटची अशी: माणूस, बाबा. कशावरून कळलं, अडकित्त्याचा आवाज. कधी कळलं, स्वप्नातच. पुढे त्यांनी स्वतःहून चौथा रकाना आखला होता, 'काय म्हणाले'. त्यात लिहिलं होतं, "द्राक्षं अजून आंबट आहेत, आठ दिवस थांब."