जाऊबाईंना न दुखावता फॉलोअरमधून काढायचं आहे

*ताई, माझी चुलत जाऊ मला इन्स्टाग्रामवर फॉलो करते. मैत्रिणींबरोबर अलिबागला गेले, स्टोरी टाकली आणि घरी पोचायच्या आत सासूबाईंचा फोन आला. असं नेहमीच होतं. ब्लॉक केलं तर पुढच्या लग्नकार्यात तोच विषय होईल. तिला कळू न देता काढता येईल का? माझं अकाउंट पब्लिक आहे. — एक वाचक, नाशिक*

प्रिय मैत्रिणी,

काढता येईल. काढल्याचा कुठलाही मेसेज इन्स्टाग्राम तिला पाठवत नाही. पण तुझं अकाउंट पब्लिक असेपर्यंत नुसतं काढून काही उपयोग नाही. फॉलोअर नसली तरी तुझं प्रोफाइल ती उघडून बघू शकते, आणि एकदा बोट लावलं की पुन्हा फॉलोअर होते, तुला न विचारता. म्हणून आधी सेटिंगमधल्या Account privacy मध्ये जाऊन Private account सुरू कर. आहेत ते फॉलोअर तसेच राहतात. मग प्रोफाइलवरच्या Followers वर जा, तिचं नाव शोध आणि समोरचं Remove दाब. तिचे जुने लाइक आणि कमेंट जागच्या जागी राहतात. ब्लॉक केलं असतंस तर तेही गेले असते आणि तिथेच तिला संशय आला असता.

आता तिच्या फोनवर काय दिसेल ते नीट समजून घे, कारण मेसेज गेला नाही म्हणजे तिला कळणारच नाही असं नाही. ती फॉलो करते त्यांचा आकडा एकाने कमी होतो. तो सहसा कुणी बघत नाही. खरी गोम तुझ्या प्रोफाइलवर आहे. ती तिथे आली की फोटोंऐवजी अकाउंट प्रायव्हेट असल्याची पाटी दिसेल आणि वर Follow चं बटण असेल. तू अजून तिला फॉलो करत असशील तर तिथे Follow Back लिहिलेलं असेल. म्हणजे तू तिच्या मुलाच्या वाढदिवसाचा फोटो लाइक केलास, तिने सहज तुझ्या नावावर टॅप केलं, की कळलं. तरीही तू तिला अनफॉलो करू नकोस. दोन्हीकडून तोडलं की ते भांडण वाटतं. तिच्या पोस्ट नकोशा वाटत असतील तर म्यूट कर; तेही तिला कळत नाही.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला वाटतं तिला काढायची आत्ता गरजच नाही. चुगली झाली ती स्टोरीची. सेटिंगमध्ये Hide story and live आहे, तिथे तिचं नाव निवड. ती फॉलोअर राहते, बटण बदलत नाही, तुझ्या दिवाळीच्या फोटोंना लाइकही करते. फक्त स्टोरी तिच्यापर्यंत जात नाही. मात्र तिच्या नवऱ्याचं आणि घरातल्या मुलांचं नावही त्याच यादीत टाक, नाहीतर दिरांच्या फोनवरून तीच स्टोरी ती बघेल. आणि मैत्रिणीचं अकाउंट पब्लिक असेल, तिने तुला टॅग करून समुद्रावरचा फोटो टाकला, तर तुझं कुठलंच सेटिंग तो फोटो अडवू शकत नाही. टॅग करू नकोस, असं तिला निघायच्या आधीच सांगावं लागेल.

पोस्टसुद्धा तिला दिसू नयेत असं ठरलंच, तर एकटीला काढू नकोस. नणंद फॉलोअर आहे आणि आपण नाही, हे जाऊबाईंच्या लगेच लक्षात येईल. सासरकडची जी लांबची चार-पाच माणसं आहेत त्यांना एकदमच काढ. कुणी विचारलं तर सांग, ‘अकाउंट प्रायव्हेट केलंय वहिनी, आता अगदी मोजकीच माणसं ठेवलीत.’ हे खरंच असेल, म्हणून सांगताना तुला चाचरावं लागणार नाही. तिने पुन्हा रिक्वेस्ट पाठवली तर ती डिलीट करू नकोस, तशीच राहू दे. डिलीट केलीस तर तिच्याकडचं Requested जाऊन पुन्हा Follow येईल आणि नकार उघड दिसेल. न उघडलेली रिक्वेस्ट मात्र ‘बघितलीच नाही’ या सदरात महिनोन्महिने राहू शकते.

फेसबुकवरही ती असेल तर तिथे अनफ्रेंड करू नकोस. तिच्या प्रोफाइलवरच्या Friends वर टॅप करून तिला Restricted यादीत टाक. ती मैत्रीण म्हणून राहील, पण तुझ्या पब्लिक पोस्ट आणि जिथे तिला टॅग केलं असेल तेवढंच तिला दिसेल. तुझ्या पोस्ट ‘फ्रेंड्स’साठी आहेत ना, ते तेवढं तपासून घे.

आणि सासूबाईंना अलिबागला जाताना तू आधी सांगितलं नव्हतंस, असं पत्रावरून दिसतं. परवानगी मागायची नाही. ‘आई, शनिवारी मैत्रिणींबरोबर जातेय, रविवारी रात्री येईन’ एवढा फोन निघताना कर. मग जाऊबाईंनी कळवलं तरी सासूबाई म्हणतील, ‘हो, सांगून गेलीये ती.’

तुझी ताई